हॉटेलचा विमा: कर्जापुरता की धंद्यापुरता?

प्रस्तावना

यवतमाळच्या दत्त चौकातला, आर्णी रोडवरचा किंवा पांढरकवड्याजवळ महामार्गालगतचा हॉटेलमालक घ्या. विमा आहे का असे विचारले, की ‘आहे ना, बँकेने काढला’ हे उत्तर ठरलेले. ही पुस्तिका त्या उत्तरामुळेच लिहिली गेली. बँकेने कर्ज दिले, तारण ठेवलेल्या सामानाचा विमा हवा म्हणून तो काढला, हप्ता कर्जखात्यातून वळता केला आणि पॉलिसी फाइलला लावली. त्या पॉलिसीत ‘बँक क्लॉज’ असतो, म्हणजे नुकसानभरपाई आली तर ती आधी बँकेकडे जाते. यात बँकेची चूक काही नाही. तिने आपल्या पैशाची काळजी घेतली. पण बँकेचा पैसा ज्यात अडकला आहे ते सामान आणि हॉटेलवाल्याचे पोट ज्यावर चालते तो धंदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी काढलेला विमा दुसरीला पुरेल असे गृहीत धरले जाते आणि ते खोटे असल्याचे कळते ते आग विझल्यावर. आग, चोरी, गिऱ्हाइकाला होणारी इजा आणि धंदा बंद पडणे या चार संकटांची माहिती पुढच्या प्रकरणांत आहे. त्या सगळ्यांमागचे म्हणणे मात्र एकच आहे: हॉटेलचा विमा कर्जाच्या आकड्यावरून न काढता हॉटेल रोज कसे चालते यावरून काढावा.

सुरुवात ‘हॉटेल’ या शब्दापासून करावी लागते. आपल्याकडे तर्री-पोह्यांच्या टपरीलाही हॉटेल म्हणतात, वणीच्या बसस्टँडजवळच्या भोजनालयालाही म्हणतात आणि टिपेश्वर अभयारण्य पाहायला येणाऱ्यांना खोल्या देणाऱ्या जागेलाही तोच शब्द. विमा कंपनीसाठी हे तीन वेगवेगळे धोके आहेत. जागेचा वापर कशासाठी होतो हे प्रस्तावपत्रात लिहावे लागते आणि त्यावर हप्ता ठरतो. ‘उपाहारगृह’ लिहिले आणि वरच्या मजल्यावर सहा खोल्या भाड्याने दिल्या जात असतील, मागच्या गाळ्यात लग्नाच्या ऑर्डरचा स्वयंपाक होत असेल किंवा नंतर बार सुरू केला असेल, तर कागदावरचे हॉटेल आणि खरे हॉटेल एक राहत नाही. दावा अडतो तो बऱ्याचदा या फटीत. दुसरा प्रश्न जागेच्या मालकीचा. इमारत भाड्याची असेल तर तिचा विमा काढणे घरमालकाचे काम. पण भाडेकरूने स्वतःच्या पैशाने घातलेल्या फरशा, फॉल्स सीलिंग, वायरिंग, धुराडे आणि ओटा यांची नोंद कोणाच्याच पॉलिसीत नसते. घरमालक म्हणतो ते माझे नाही, आणि हॉटेलवाल्याला वाटते ते भिंतीला लागलेले आहे म्हणजे इमारतीत आलेच. त्याच्या पॉलिसीत ‘अंतर्गत सजावट व भाडेकरूने केलेल्या सुधारणा’ अशी स्वतंत्र ओळ हवी.

आगीच्या विम्याचे नाव आता बदलले आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने लहान धंद्यांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आणल्या. एका ठिकाणच्या मालमत्तेची एकूण किंमत ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. जिल्ह्यातली जवळपास सगळी हॉटेले पहिलीत बसतात. नाव आगीचे असले तरी ती केवळ आगीपुरती नाही. स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल आणि पाण्याची टाकी फुटणे हे त्यात येते. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ शहरात पाणी शिरले आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकून पडले. तशा पावसात स्वयंपाकघरात पाणी शिरून फ्रीज, मिक्सर आणि पिठाची पोती गेली, तर तोही याच पॉलिसीचा दावा होतो. ‘आग लागलीच नाही, मग कशाला कळवायचे’ असे समजून तो न केल्यास हक्काचे पैसे जातात. उलट, शॉर्टसर्किट होऊन नुसता डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर जळाला तर त्या यंत्राचे पैसे या पॉलिसीतून मिळत नाहीत. ठिणगी पसरून शेजारचे टेबल, पडदा, छत पेटले तर त्या पसरलेल्या आगीचे मिळतात. आगीचे नेमके कारण सापडले नाही म्हणून दावा बुडाला, असे समजणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल उपयोगी आहे. कर्नाटकातल्या एका शीतगृहाच्या आगीच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की आग शॉर्टसर्किटने लागली की आणखी कशाने, याला महत्त्व नाही. विमाधारकाने ती लावलेली नसावी एवढेच पाहायचे.

आगीच्या विम्यात हॉटेलवाल्याला खरा फटका बसतो तो रकमेच्या आकड्यात. म्हणून एक हिशेब पूर्ण मांडतो. हॉटेल काल्पनिक आहे, पद्धत खरी आहे. आर्णी रोडवर भाड्याच्या जागेत साठ खुर्च्यांचे उपाहारगृह आहे. ओटा, धुराडे, भट्ट्या, फ्रीज, एसी, फर्निचर, सजावट हे सगळे आज नव्याने घ्यायचे तर ४० लाख रुपये लागतील. विमा आहे २४ लाखांचा, कारण कर्ज २४ लाखांचे होते. स्वयंपाकघरात आग लागून १० लाखांचे नुकसान झाले. विमा २४ लाखांचा आणि नुकसान १० लाखांचे, म्हणजे पूर्ण पैसे मिळतील असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. ४० लाखांच्या मालावर २४ लाखांचा विमा म्हणजे शंभरातल्या साठ रुपयांचाच विमा. उरलेल्या चाळीस रुपयांचा धोका मालकाने स्वतःकडे ठेवला, असे पॉलिसी मानते. म्हणून १० लाखांच्या नुकसानीलाही तेच प्रमाण लागते आणि हातात ६ लाख येतात. त्यातूनही एक ठरलेली रक्कम मालकाला स्वतः सोसावी लागते. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत एक सवलत आहे. कमतरता १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ती धरत नाहीत. म्हणजे याच हॉटेलचा विमा ३४ लाखांचा असता तर ही काटछाट झालीच नसती. आकडा कमी लिहिला जाण्याची कारणे दोन. एक, कर्जाची रक्कम तशीच उतरवून घेणे. दुसरे, हिशेबनिसाकडून ताळेबंद मागवून त्यातली घसारा वजा केलेली किंमत लिहिणे. सहा वर्षांपूर्वीची भट्टी वहीत काही हजारांवर आलेली असते, पण जळाल्यावर ती वहीतल्या किमतीला कोणी देत नाही. या पॉलिसीत यंत्रे आणि फर्निचर यांची भरपाई नव्याने उभे करण्याच्या खर्चावर ठरते, म्हणून विम्याची रक्कमही आजच्या दुकानातल्या भावाने लिहायची. कोठीतल्या किराण्याला मात्र खरेदीचा भाव लागतो. पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात रिकामा तक्ता आहे. तो भरताना भिंतीपासून सुरू करून दारापर्यंत यावे, म्हणजे नळ, पंखे, भांडी, गाद्या सुटत नाहीत.

काळजी घेण्याची अट पॉलिसीत असते आणि ती केवळ शोभेची नाही. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात गॅसगळतीने स्फोट झाला आणि आठ माणसे गेली. जेवायला आलेले विद्यार्थी त्यांत होते. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांच्या आगीत चौदा जण गेले. यवतमाळमधले स्वयंपाकघर त्याहून लहान असेल, पण १९ किलोचा सिलिंडर तोच असतो. नियमानुसार परवान्याशिवाय एकूण १०० किलोपर्यंतच एलपीजी साठवता येतो. म्हणजे पाच सिलिंडर झाले ९५ किलो आणि सहावा आणला की ११४. लग्नसराईत मागच्या दाराशी आठ-दहा सिलिंडर उभे असतात आणि सर्वेक्षक जळालेल्या जागेचे फोटो काढतो तेव्हा त्या टाक्या मोजल्या जातात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्याखाली ज्या इमारतींना अग्निसुरक्षेची साधने बंधनकारक आहेत, त्यांना जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेचा ‘नमुना ब’ दाखला द्यावा लागतो. हे कागद विम्यासाठी नव्हे, माणसांसाठी असतात हे खरे. पण दाव्याच्या वेळी ‘वाजवी खबरदारी घेतली होती का’ हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर म्हणून हेच कागद चालतात.

चोरीच्या प्रकरणात मराठीतला एक शब्द विम्यातल्या दोन शब्दांवर पसरतो आणि गोंधळ तिथे होतो. हॉटेलवाला चोरीचा विमा घेतो असे म्हणतो, पण कंपनी त्याला विकते ते घरफोडीचे संरक्षण. घरफोडीच्या पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरणे किंवा बाहेर पडणे ही अट आहे. कुलूप तोडले, कोयंडा उचकटला, भिंतीला भगदाड पाडले, तर दावा. रात्री आचाऱ्याने स्वतःजवळच्या किल्लीने शटर उघडून गल्ला नेला किंवा दुपारच्या गर्दीत कोणी काउंटरवरचा मोबाइल उचलला, तर नाही. हा कंपन्यांनी काढलेला बहाणा आहे असे वाटणाऱ्यांनी २००४ चा हरचंद राय चंदनलाल प्रकरणातला निकाल पाहावा. पॉलिसीत जबरदस्ती लिहिली असेल तर तशी खूण दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले आणि पुढेही तेच धोरण कायम ठेवले. म्हणून चोरी उघडकीस आल्यावर सकाळी पहिले काम शटर दुरुस्त करण्याचे नाही. तुटलेले कुलूप, वाकलेली पट्टी, खरवडलेला रंग यांचे फोटो घ्यायचे, पोलिसांना बोलवायचे, पंचनाम्यात कोयंडा तुटल्याची नोंद झाली का ते वाचूनच सही करायची. कंपनी शेवटी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, अशा तपासाला आपल्याकडे ‘ए समरी’ म्हणतात. तो कागद मिळायला महिने लागतात, म्हणून पाठपुरावा लवकर सुरू करावा. रोख रकमेला वेगळा विमा लागतो, आणि तोही बँकेत नेताना, तिजोरीत आणि गल्ल्यात अशा तीन ठिकाणांच्या मर्यादा वेगवेगळ्या लिहून. नोकराच्या अप्रामाणिकपणासाठी तिसरीच पॉलिसी आहे. या तिन्ही घ्याव्यात असे माझे म्हणणे नाही. रोज संध्याकाळी गल्ल्यात दहा-बारा हजार राहणाऱ्या हॉटेलने रोखीच्या विम्यापेक्षा रात्री पैसे घरी नेण्याची सवय ठेवावी. पण घरफोडीची पॉलिसी घेऊन नोकराच्या चोरीची भरपाई अपेक्षित ठेवू नये.

गिऱ्हाइकाला इजा झाल्याचा विमा आपल्याकडे सर्वांत कमी घेतला जातो आणि माझ्या मते त्याची गरज सर्वांत जास्त आहे, कारण सामान जळले तर नुकसान सामानाच्या किमतीपुरते असते, माणसाच्या इजेला अशी वरची मर्यादा नसते. ओल्या फरशीवर म्हातारे माणूस घसरून खुब्याचे हाड मोडते. वाढप्याच्या हातून उकळती तर्री लहान मुलाच्या अंगावर सांडते. साक्षगंधाच्या पंगतीतल्या दोनशे माणसांना रात्री उलट्या होतात. अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ६५ इथे हॉटेलवाल्याला माहीत असलेच पाहिजे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान ५ लाख, गंभीर इजा झाली तर ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेत १ लाखापर्यंत भरपाई, आणि तीही दर माणशी. पंगतीतले वीस जण रुग्णालयात गेले तर गुणाकार कुठे जातो ते मोजायला वही लागत नाही. या जबाबदारीसाठी ‘सार्वजनिक दायित्व’ विमा असतो. त्याच नावाचा १९९१ चा कायदा भोपाळनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला. तो वेगळा आणि त्याखालची पॉलिसी हॉटेलच्या कामाची नाही. नाव जवळचे असल्याने चुकीची पॉलिसी गळ्यात पडू शकते, म्हणून ‘हॉटेलसाठीची, अन्नपेयांच्या जोखमीसह’ असे स्पष्ट सांगून घ्यावी. अन्नपेयांची भर नसेल तर घसरून पडलेला येतो, विषबाधा झालेला येत नाही. पॉलिसी ज्या जागेसाठी आहे तिच्याबाहेर, म्हणजे मंगल कार्यालयात किंवा शेतातल्या मांडवात वाढलेले जेवणही आपोआप येत नाही, ते लिहून घ्यावे लागते. दंड कोणताच विमा भरत नाही. आणि स्वतःचा आचारी भाजला तर तो गिऱ्हाईक नव्हे, त्याच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी किंवा राज्य कामगार विमा योजना लागते.

गिऱ्हाइकाची वस्तू सांभाळायला घेतली की जबाबदारीचे आणखी एक दार उघडते. १९९८ साली दिल्लीतल्या ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेन गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. पावतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरले. किल्ली घेतली म्हणजे वस्तू सांभाळायला घेतली, आणि सांभाळण्यातला निष्काळजीपणा छापील ओळीने धुऊन निघत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या लॉजमध्ये काउंटरवर ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ ही पाटी असते. पाटी असू द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. आणि ताब्यात घेतलेल्या वस्तू सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीतून सहसा वगळलेल्या असतात. गाड्या लावून देण्याची सोय असेल तर ती भर मागून घ्यावी.

आता चौथे संकट. माझ्या मते सगळ्या पुस्तिकेचे मर्म इथे आहे. हॉटेल जळाल्यावर मालक कशाने बुडतो? जळालेल्या खुर्च्यांनी क्वचितच. तो बुडतो बंद शटरमागे चालू राहणाऱ्या खर्चाने. भाडे द्यावे लागते, कर्जाचे व्याज चढते, आचारी आणि मॅनेजर धरून ठेवायचे तर पगार द्यावा लागतो, कारण चांगला आचारी दोन महिने रिकामा बसत नाही, तो समोरच्या हॉटेलात जातो आणि गिऱ्हाईक त्याच्या हाताच्या चवीमागे जाते. सामानाचा विमा यातला एक रुपया देत नाही. त्यासाठी ‘नफाहानी’ पॉलिसी असते आणि ती आगीच्या पॉलिसीच्या जोडीनेच मिळते. मघाचेच हॉटेल घेऊ. महिन्याची विक्री १० लाख. त्यातले किराणा, भाजी, दूध, मटण, गॅस असे विक्रीबरोबर कमी-जास्त होणारे खर्च ६ लाख. उरलेले ४ लाख म्हणजे विम्याच्या भाषेतला ढोबळ नफा. त्यातून भाडे, पगार, व्याज, वीज असे न टळणारे पावणेतीन लाख जातात आणि सव्वा लाख मालकाच्या हाती उरतात. आगीनंतर हॉटेल तीन महिने पूर्ण बंद राहिले. चौथ्या महिन्यात विक्री ४ लाख झाली, पाचव्यात ७, सहाव्यात ९, सातव्यात पूर्ववत. बुडालेली विक्री तीन महिन्यांची ३० लाख, मग ६, ३ आणि १, अशी एकूण ४० लाख. तिच्यावर ४० टक्के ढोबळ नफा म्हणजे १६ लाख. बंद काळात वीज, काही रोजंदारी असे वाचलेले दीड लाख वजा केले तर साडेचौदा लाख. जळाले १० लाखांचे, बंद पडल्याने गेले साडेचौदा लाख. कर्जापुरत्या विम्यातून हातात आले सहा.

या हिशेबात तीन ठिकाणी चूक होते. पहिली, विमा निव्वळ नफ्याचा काढणे. सव्वा लाखाचा नफा म्हणून वर्षाचे १५ लाख लिहिले जातात, तर लिहायला हवे असतात ४८ लाख, कारण न टळणारा खर्चही त्यातूनच निघायचा असतो. कमी लिहिले की इथेही प्रमाणात कापतात. कर्जाचे व्याज या खर्चात धरता येते, मुद्दल मात्र नाही. दुसरी चूक भरपाईच्या मुदतीची. इमारत तीन महिन्यांत उभी राहील म्हणून तीनच महिन्यांची मुदत घेतली तर चौथ्या ते सहाव्या महिन्यातली तूट स्वतःची. हॉटेल उघडले म्हणून गिऱ्हाईक त्याच दिवशी परतत नाही. ही गोष्ट मोठ्या हॉटेलांनाही चुकत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या ताजचा मनोरा २१ डिसेंबरलाच उघडला, पण जुना राजवाड्याचा भाग पुन्हा सुरू झाला १५ ऑगस्ट २०१० ला. एकाच हॉटेलचा एक भाग महिन्याच्या आत आणि दुसरा पावणेदोन वर्षांनी. लहान हॉटेलसाठी सहा महिन्यांखाली मुदत घेऊ नये आणि नगरपरिषदेची नवी परवानगी लागणार असेल तर वर्षाची घ्यावी, असे माझे मत आहे. तिसरी चूक सर्वांत कडू आहे. बुडालेली विक्री मोजतात ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या विक्रीशी ताडून, आणि ती विक्री सिद्ध होते बिलांनी आणि जीएसटीच्या विवरणपत्रांनी. कच्च्या चिठ्ठीवर झालेली विक्री सर्वेक्षकापुरती झालेलीच नसते. महिन्याला १० लाखांचा धंदा करून वहीत ५ दाखवणाऱ्याला आगीनंतर ५ लाखांच्याच धंद्याची भरपाई मिळते.

या पॉलिसीची सीमाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती चालू होण्यासाठी विमा असलेल्या मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झालेले असावे लागते, आणि ते नुकसान आगीच्या पॉलिसीत बसणारे असावे लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने हॉटेले बंद झाली तेव्हा एकही खुर्ची जळाली नव्हती. म्हणून नेहमीच्या नफाहानी पॉलिसीतून काही मिळण्यासारखे नव्हते. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, तो तिथल्या पॉलिसींमध्ये साथरोगाची वेगळी कलमे लिहिलेली होती म्हणून. पुराचेही असेच. पैनगंगेच्या पाण्याने उमरखेडकडचा रस्ता बंद पडला आणि ढाबा कोरडा राहिला, तर गिऱ्हाईक आले नाही याची भरपाई मूळ पॉलिसीत नाही. ‘येण्याजाण्याचा मार्ग अडणे’ अशी भर वेगळी मागता येते, आणि महामार्गावरच्या ढाब्याने ती मागावी.

यावर आक्षेप येतील आणि ते वाजवी आहेत. पहिला, चार-चार विमे परवडायचे कसे? याचे उत्तर सगळे घ्या असे नाही. ज्याच्याकडे पैसा मोजका आहे त्याने आधी आगीची रक्कम खऱ्या किमतीवर आणावी, मग गिऱ्हाइकाच्या इजेचा विमा घ्यावा, त्यानंतर नफाहानी, आणि चोरी सर्वांत शेवटी. चोरीने हॉटेल अडचणीत येते, बंद पडत नाही. दुसरा आक्षेप, आमच्याकडे वीस वर्षांत काही झाले नाही. पण आग आपल्याच चुलीतून निघते असे नाही. बाजारपेठेतल्या एका भिंतीच्या दुकानांत शेजारच्या कापड दुकानाचे शॉर्टसर्किट आपले छत गाठते, आणि पाऊस तर कोणाची सावधगिरी पाहत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: कंपन्या पैसे देतच नाहीत. दावे अडतात हे खरे आहे. त्यातले काही अन्यायाने अडतात. कोलकात्याच्या टेक्स्को मार्केटिंगच्या प्रकरणात दुकान तळघरात असल्याचे माहीत असून कंपनीने हप्ता घेतला आणि आग लागल्यावर ‘तळघर वगळलेले आहे’ असे सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम अन्याय्य ठरवले. एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या निकालाने हेही स्पष्ट झाले, की धंद्यासाठी विमा घेतला म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि त्यासाठी यवतमाळमध्येच जिल्हा आयोग आहे. पण बरेच दावे अडतात ते वर सांगितलेल्या फटींमुळे: वापर वेगळा लिहिला, रक्कम कमी लिहिली, खोल्या वाढवल्या पण कळवले नाही, वहीत विक्री नाही. त्या फटी बुजवणे आपल्या हातात आहे, आणि त्या बुजवल्यावर कंपनीशी भांडायला बळ येते.

‘माणुसकीने मिटवू’ असे म्हणणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. भाजलेल्या मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, औषधांचे पैसे द्यावेत, त्याच्या आईबापांजवळ बसावे. याने कोणताही विमा बिघडत नाही. बिघडतो तो घाबरून ‘चूक आमचीच, दोन लाख देतो’ असे लिहून दिल्याने, कारण जबाबदारी कबूल करण्याआधी कंपनीला कळवण्याची अट पॉलिसीत असते. मदत आधी करावी आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे. लेखी कबुली मात्र कंपनीशी बोलल्याशिवाय देऊ नये.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी बँकेत जाऊन आपल्या पॉलिसीची प्रत मागून आणावी. पहिल्या पानावर चार ओळी पाहाव्यात: जागेचा पत्ता, वापर, कशाकशाचा विमा आणि प्रत्येकाची रक्कम. मग शटर उघडण्याआधी, रिकाम्या हॉटेलात, मोबाइलवर दारापासून कोठीपर्यंत एक व्हिडिओ काढावा, प्रत्येक यंत्राच्या नावाच्या पट्टीजवळ थांबत. तो व्हिडिओ, पॉलिसीची प्रत, खरेदीची बिले आणि विवरणपत्रे हॉटेलात न ठेवता घरी ठेवावीत, कारण गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवलेले कागद गल्ल्याबरोबरच जळतात.